चार्ज कोणी घेतला?

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मागचं गेट ४० मिनिटं गार्डशिवाय रिकामं राहिलं, वरून खुलासा मागितलाय, आणि तू मला विचारतोयस की गैरहजेरी कोणाच्या नावावर टाकू? जो निघून गेला त्याच्या, की जो आला नाही त्याच्या? दोघांच्या येण्याजाण्याच्या वेळा तू मिनिटामिनिटाने लिहिल्यास. याआधी कोण किती वेळा उशिरा आला होता तेही लिहिलंस. चार्ज कोणी घेतला, हे मात्र तीन पानांत एकदाही आलं नाही. येणार कसं? कोणी घेतलाच नव्हता, आणि कोणी घ्यायचा होता ते तुझ्या चार्टवर कुठेच नाही. चार्ट सोबत जोडलास ते बरं केलंस, नाहीतर मीही तुझ्याबरोबर त्या दोघांवर चिडलो असतो.

असाच चार्ट मीही लिहायचो. डावीकडे नावं, वर तारखा, चौकटीत सकाळ, दुपार, रात्र यांसाठी एम, ई, एन. स्वच्छ अक्षर, पट्टीने आखलेल्या रेघा. मला त्याचा अभिमान होता.

एक गोदाम होतं, तिथे तीन पोस्टा चोवीस तास चालायच्या: पुढचं गेट, मागचं गेट आणि राउंडवाला. सकाळची पाळी ६ ते २, दुपारची २ ते १०, रात्रीची १० ते ६. मी रात्रीचा सुपरवायझर, पण चार्ट माझ्याकडेच. रात्री निवांत वेळ असतो, अशी दिवसपाळीवाल्यांची समजूत असते ना, त्यामुळे.

१४ तारखेची गोष्ट. आठवड्यापूर्वी एका गार्डने चिठ्ठी दिली होती: ‘१५ तारखेची रात्र सुट्टी पाहिजे.’ मी चार्टवर त्याच्या नावापुढचा १५ चा एन खोडला, रिलीव्हरच्या नावापुढे लिहिला, विषय संपवला. त्याला १५ च्या पहाटे गाडी पकडायची होती. त्याच्या लेखी १५ तारखेची रात्र म्हणजे जी संपल्यावर १५ तारीख उजाडते ती. माझ्या लेखी जी १५ च्या संध्याकाळनंतर सुरू होते ती. रात्रपाळी दोन तारखांवर पाय ठेवून उभी असते, आणि आम्ही दोघांनी एकेक पाय धरला होता. तो १४ ला आला नाही. रिलीव्हर १५ ची वाट बघत घरी झोपला.

दुपारपाळीला मागच्या गेटवर जो होता तो त्या दिवशी सकाळी ६ पासून उभा होता. डबल ड्युटी. त्याच्या गेटशेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग चाललं होतं, ते साडेनऊला थांबलं. ठिणगी पुठ्ठ्यात किंवा चिंध्यांत शिरली की ज्वाला न दिसता तासन्‌तास आत धुमसू शकते, म्हणून काम बंद झाल्यावरही निदान एक तास कोणीतरी तिथे लक्ष ठेवून बसायचं असतं. ठेकेदाराची माणसं जाताना याला सांगून गेली, ‘जरा नजर ठेवा.’ म्हणजे साडेदहापर्यंत. ते फक्त त्याच्या डोक्यात होतं. कागदावर नाही.

सव्वादहाला त्याने वॉकीटॉकीवर विचारलं, ‘साहेब, माझा माणूस आला नाही.’ मी तेव्हा दुपारच्या सुपरवायझरकडून चार्ज घेत होतो. किल्ल्या मोजत होतो, त्यात दोन कमी भरत होत्या. मी म्हणालो, ‘तू नीघ, माणूस पाठवतो.’ १६ तासांवर उभा असलेला माणूस, त्याला आणखी थांब म्हणायची लाज वाटली. तो निघाला. राउंडवाल्याला मागे पाठवायचं मी ठरवलं, तेवढ्यात पुढच्या गेटवर एक ट्रक आला, त्याच्या कागदांवरचा नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळेना, आणि ते निस्तरता निस्तरता मागचं गेट माझ्या डोक्यातून गेलं. साडेबाराचा माझा स्वतःचा राउंडही त्यातच बुडाला.

२ वाजून ५० मिनिटांनी मागे गेलो तर धूर. शेडमधली पुठ्ठ्यांची थप्पी आतून लाल झाली होती, भिंतीला लागून एक ट्रक उभा, आणि त्याच्या केबिनमध्ये ड्रायव्हर गाढ झोपलेला. त्याला ओढून काढलं, नळी लावली, भिंत काळी झाली, माल गेला, माणूस वाचला. गेट सताड उघडंच होतं.

तुला वाटेल, इथवर नशीब वाईट. ऐक पुढे. रजिस्टरात दहाच्या रकान्यात तिन्ही पोस्टांवर ‘हजर’ लिहिलेलं होतं, आणि खाली माझी सही. चार्ज घेताना टेबलावरच बसून, चार्टवरून नावं उतरवून मी ती केली होती. रोज करायचो. सगळेच करायचे, हेही सांगतो, कारण ते खरं आहे. तीन पोस्टा फिरून यायला २५ मिनिटं लागतात आणि मला त्यासाठी एकही मिनिट दिलेलं नव्हतं. पण सही माझी होती. जो गार्ड आला नव्हता त्याच्या नावापुढे मी ‘हजर’ लिहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच फोनवर वाट्टेल ते बोललो. तो परत आल्यावर त्याने काही न बोलता चिठ्ठीची तारीख दाखवली.

म्हणून तुला म्हणतो, गैरहजेरी कोणाच्या नावावर हा प्रश्न बाजूला ठेव. चार्ज कोणी घेतला? पोस्ट दहाला सुटत नाही. समोरच्याने चार्ज घेतला की सुटते, मग दहा वाजोत की बारा.

आता तू म्हणशील, थांबवून ठेवायला माणूस यंत्र आहे का? नाहीच. तिथेच चार्टचा खरा हिशेब सुरू होतो, आणि तो मला आग लागल्यावर सुचला. एक पोस्ट आठवड्याला १६८ तास. तीन पोस्टा म्हणजे ५०४. एक माणूस आठवड्याला ४८ तास देतो असं धर. माझ्याकडे दहा जण होते, म्हणजे ४८० तास. २४ तास कमी. कोणी आजारी नसताना, कोणी रजेवर नसताना, दर आठवड्याला तीन ड्युट्यांना माणूसच नव्हता! त्या तीन मी डबल ड्युटीने बुजवायचो आणि स्वतःला चांगला मॅनेजर समजायचो. १४ ची डबल त्यातलीच एक.

शिवाय माणूस ४८ तास देतच नाही. वर्षाला रजा, आजारपण मिळून २६ दिवस गेले तर ५२ आठवड्यांवर पसरून आठवड्याला सरासरी ४४ तास उरतात. ५०४ ला ४४ ने भाग, साडेअकरा येतात. आता प्रत्येक बदलीला १५ मिनिटं दोघंही पोस्टवर हवेत असं धर. दिवसाला तीन बदल्या, सात दिवस, तीन पोस्टा: जवळपास १६ तास होतात. ते धरूनही बारा माणसांत बसतं. मी बारा मागितले, अकरा मिळाले. त्या अकराव्यासाठी मला चार महिने भांडावं लागलं, आणि ते भांडण मी आधी का केलं नाही याचं उत्तर माझ्याकडे नाही. हिशेबच केला नव्हता, हेच उत्तर. तुझी माणसं मोज आणि हाच भागाकार कर. तुझ्या खुलाशात दोन नावांऐवजी तो गेला तर जास्त बरं.

त्यानंतर चार्ट बदलला. एन हे अक्षर मी बंद केलं. प्रत्येक रात्रीच्या ओळीत पूर्ण लिहायला लागलो: ‘१४ ला २२:०० पासून १५ ला ०६:०० पर्यंत’. ‘२४:००’ किंवा ‘००:००’ कुठेच नाही, कारण मध्यरात्र कोणत्या दिवसाची यावर दोन शहाणी माणसंही भांडतात. सुट्टीची चिठ्ठीही तशीच, सुरू आणि शेवट दोन्ही तारखांसकट, आणि मी ती देणाऱ्याला वाचून दाखवायचो. लोक हसायचे. हसू देत.

नावापुढे दोन रकाने वाढवले: कोणाकडून घेणार, कोणाला देणार. चार्ट लिहिताना हे रकाने भरायला बसलास की फट आपोआप दिसते. ‘कोणाला देणार’ कोरा राहिला तर ती पोस्ट आजच रिकामी झालेली आहे, फक्त रात्र यायची आहे. अदलाबदल झाली तर दोन्ही शेजारच्या ओळीही बदलायच्या. तोंडी अदलाबदल मान्य नाही, मग ती सख्ख्या भावाने केलेली का असेना.

आणि सुपरवायझरची पाळी मी एक तास सरकवली. गार्ड दहाला बदलणार, सुपरवायझर नऊला. त्यामुळे दहाला मी किल्ल्या मोजत बसत नाही, फिरत असतो. माझ्या मते आगीनंतरचा हा सगळ्यात मोठा बदल, आणि याला एक पैसाही लागला नाही. तू लिहिलंस की तुम्ही हजेरीचं ॲप आणताय. आणा. ते माणूस आवारात शिरला हे सांगेल. तो मागच्या गेटवर उभा राहिला का, आणि शेडमध्ये साडेदहापर्यंत नजर ठेवायची आहे हे त्याच्या कानावर गेलं का, ते कसं सांगेल? चार्ज घेणाऱ्याने पोस्टवर उभं राहून, अर्धवट राहिलेली कामं एकेक करून आपल्या हाताने लिहून घ्यायची. देणाऱ्याने लिहायची नाहीत. देणाऱ्याला घरी जायची घाई असते.

माणूस आलाच नाही तर? त्या थकलेल्याला ‘नीघ’ म्हणण्याआधी तू स्वतः जाऊन पोस्टवर उभा राहा आणि चार्ज घे. मग फोन कर, ओरड, रिलीव्हरला उठव, काय हवं ते कर. ट्रक थांबतील. मी त्या रात्री एवढंच करायला हवं होतं. १६ तास उभ्या असलेल्या माणसाला सोडलं, याचं मला आजही वाईट वाटत नाही. मी तिथे गेलो नाही, याचं वाटतं.

त्या दोघांपैकी कोणालाही मेमो देऊ नकोस, निदान मला दाखवल्याशिवाय नको. जो आला नाही त्याला आधी विचार, त्याने चार्टवरची तारीख कशी वाचली. आणि पुढच्या आठवड्याचा चार्ट पाठव, नवे दोन रकाने भरून. मी रविवार रात्रीच्या ओळीपासून बघायला घेईन, आठवडा बदलतो तिथे तुझ्या आताच्या चार्टमध्ये आणखी एक जागा कोरी दिसतेय.

तुझा,
जुना रात्रपाळीवाला