गादीच्या पोटात गेलेला निखारा

प्रश्न: माझे सासरे रात्री अंथरुणावर पडून सिगारेट ओढतात. टोकले की म्हणतात, "मी विझवूनच झोपतो, एवढ्याशा थोटकाने काय होणार?" खरोखर आग लागू शकते का? आणि राख व थोटके टाकण्याची योग्य पद्धत कोणती?

उत्तर:

लागू शकते, आणि ती लागत असताना माणसाला कळत नाही. आपल्या सासऱ्यांचे वाक्य माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, अगदी याच शब्दांत म्हणत असत. म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

आमचे घर परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातील एका गावात आहे. जानेवारी २०१९ ची गोष्ट. भाव वाढण्याची वाट पाहत कापूस माजघरात छतापर्यंत रचून ठेवला होता आणि त्याला लागून असलेल्या खोलीत तात्या बाजेवर झोपत. त्यांची गादी घरच्याच कापसाची रुई भरून करून घेतलेली होती आणि त्यावर दोन गोधड्या अंथरलेल्या असत. थंडीमुळे दारे-खिडक्या बंद होत्या.

तात्यांनी चाळीस वर्षे अंथरुणात बिडी ओढली आणि कधी काही झाले नाही. यामागचे कारण मला फार उशिरा समजले. बिडी तेंदूच्या पानाची असते आणि कश ओढणे थांबले की ती बहुधा थोड्याच वेळात आपोआप विझते. सिगारेटचे तसे नाही. तिच्या कागदातून हवा आत जाते, शिवाय तो एकसारखा जळत राहावा म्हणून त्यात काही पदार्थ घातलेले असतात. त्यामुळे हातातून निसटलेली सिगारेट कोणी न ओढताही दहा-पंधरा मिनिटे शेवटपर्यंत जळत राहते. बिडीपेक्षा सिगारेट बरी, असे समजून शहरातून पाकिटे आणून देणारा मीच होतो. म्हणजे तात्यांचा हात बिडीच्या सवयीचा राहिला आणि हातात वस्तू मात्र दुसरी आली.

त्या रात्री दहाच्या सुमारास तात्यांनी पडल्या पडल्या शेवटची सिगारेट ओढली आणि उशाजवळच्या वाटीत विझवली, असे त्यांना आजही ठामपणे वाटते. एक वाजून गेल्यावर आईला खोकल्याने जाग आली. ज्वाळा कोठेच नव्हती. खोलीत छतापासून कमरेपर्यंत धूर होता आणि तात्यांना हलवूनही ते नीट जागे होत नव्हते. थोरल्या बंधूंनी त्यांना उचलून अंगणात आणले, तेव्हा ते असंबद्ध बोलत होते आणि डोके फुटते आहे म्हणत होते. ही झोपेची गुंगी नव्हती. कापूस ज्वाळेविना धुमसतो तेव्हा त्याला हवा अपुरी पडते आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात निघतो. या वायूला वास नसतो आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. धुराच्या वासाने झोपलेला माणूस जागा होतोच असे नाही, आणि त्यात हा वायू त्याची झोप आणखी गाढ करतो. अंथरुणात सिगारेट ओढणारे माणूस बहुतेक वेळा भाजून नव्हे, तर अशा धुराने आधी बेशुद्ध होऊन मरते. तात्या वाचले, कारण आईची झोप सावध होती.

खरा धडा यानंतरचा आहे. बंधूंनी गादीवर दोन घागरी पाणी ओतले, धूर थांबल्यासारखा दिसला आणि त्यांनी गादी ओसरीत भिंतीला टेकवून ठेवली. पहाटे चारच्या सुमारास त्याच गादीने पेट घेतला, तोही कापसाने भरलेल्या माजघराच्या दारापासून चार हातांवर. रुईच्या तंतूंवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे वरून ओतलेले पाणी खोळीवरून ओघळून जाते आणि आतला विस्तव कोरडाच राहतो. गादी उभी केल्याने आत हवा खेळू लागली आणि धुमसणाऱ्या कापसाला ज्वाळा धरायला एवढे पुरे झाले. शेवटी ती अंगणात ओढून, विळ्याने फाडून, पिंजून काढली आणि कपडे धुण्याची पावडर कालवलेल्या पाण्यात बुडवली, तेव्हा ती विझली. साबणाच्या पाण्याने मेणाचा अडसर दूर होतो आणि पाणी तंतूंमध्ये शिरते.

आता ज्या वादामुळे मी हे लिहायला बसलो, त्याकडे येतो. बंधू आजही म्हणतात की आग शॉर्टसर्किटने लागली. दहा वाजता ओढलेली सिगारेट एक वाजता आग कशी लावेल, असा त्यांचा सवाल असतो. या समजुतीपायी गावातील ज्या वायरमनने ते घर जोडले होते, त्याला चार लोकांत बोल लावण्यात आला आणि पुढे त्याला आमच्या भावकीत कोणी काम दिले नाही. मला हे अजून खुपते.

ओसरीत टेकवण्याआधी मी ती गादी स्वतः पाहिली होती. उशाच्या बाजूला खोळीवर जळालेले भोक रुपयाच्या नाण्याएवढे होते, आणि आत मात्र भोकापासून चहूकडे एक वीत खोल काळी पोकळी झाली होती. धुमसणारी आग अशा भरणात साधारण मिनिटाला एक मिलिमीटर पुढे सरकते. दहा ते एक हे तीन तास, म्हणजे १८० मिनिटे, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर. वीत तेवढीच भरते. ओलावा आणि भरणाचा घट्टपणा यांनुसार वेग कमी-जास्त होतो, म्हणून हा हिशेब काट्यावर तोललेला नाही. पण तीन तासांचा विलंब हा सिगारेटला निर्दोष ठरवणारा पुरावा नसून तिच्याकडेच बोट दाखवणारा पुरावा आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते. दुसरीकडे, विजेचा बोर्ड समोरच्या भिंतीवर होता, बाजेपासून आठ फुटांवर. त्याच्या वायरीवर काजळी होती, पण प्लास्टिकचे आवरण वितळलेले नव्हते, एमसीबी पडलेला नव्हता, आणि आईने धुरात बटण दाबले तेव्हा दिवा लागला होता. वायरीतून सुरू झालेल्या आगीत सर्वांत खोल जळालेली जागा वायरीजवळ असते. आमच्या खोलीत वायरीजवळची भिंत शाबूत होती आणि गादीची उशाकडची बाजू मात्र आतून जळून गेली होती. वायरमनचा यात काडीचाही दोष नव्हता.

सासऱ्यांच्या "विझवूनच झोपतो" या म्हणण्याबद्दल एवढेच सांगतो की धोका बहुधा विझवलेल्या थोटकाचा नसतो. डुलकी लागताना बोटांतून निसटणारी सिगारेट आणि राखेबरोबर गळणारा बारीक निखारा, हे दोन्ही माणसाच्या लक्षात येत नाहीत. कश ओढताना सिगारेटच्या टोकाचे तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तो निखारा उघड्या चादरीवर पडला तर पुष्कळदा नुसता डाग पाडून विझतो, पण उशी आणि गादी यांच्या फटीत किंवा गोधडीच्या घडीत शिरला तर उष्णता कोंडली जाते आणि कापूस धुमसू लागतो. झोपेची गोळी किंवा दारू घेतलेली असेल तर हा धोका कितीतरी वाढतो. फोमची गादी निखाऱ्याने सहसा इतक्या सहज धुमसत नाही, पण एकदा ज्वाळा धरली की काही मिनिटांत खोली भरते आणि तो धूर अधिक विषारी असतो. तेव्हा गादी बदलणे हा उपाय नव्हे. न्यूयॉर्क राज्यात २००४ पासून आणि युरोपीय संघात २०११ पासून सिगारेटच्या कागदात असे पट्टे घालणे बंधनकारक झाले आहे की कश थांबल्यावर ती विझावी. पण तेथेही त्याने धोका कमी होतो, संपत नाही, आणि आपल्या टपरीवरचे पाकीट तसे आहे असे धरून कोणी चालू नये.

राखेबद्दल आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायकांना विचारावे. चुलीतला विस्तव सकाळपर्यंत टिकावा म्हणून त्या तो राखेखाली झाकून ठेवत असत. ऐशट्रेमध्ये नेमके तेच घडते. वर थंड दिसणाऱ्या राखेखाली निखारा उबेत राहतो, आणि अशी वाटी कागद-कापडाच्या कचऱ्यात रिकामी केली की आग तेथे सुरू होते. आमच्याकडे आता जड बुडाचा एक जुना डबा आहे. त्यात तीन बोटे वाळू ओली करून ठेवलेली असते. थोटूक जळते टोक खाली करून वाळूत रोवायचे आणि दुसऱ्या दिवशी पाणी घालून मगच टाकायचे. कुंडीत थोटूक खुपसण्याची पद्धत वाईट आहे, कारण कोकोपीट आणि वाळलेले शेणखत दोन्ही धुमसतात. उकिरडा, कडब्याची गंज आणि कापसाची खोली यांच्या आसपास तर पेटलेली बिडीसुद्धा नेऊ नये. ती हातात विझते, पण सरकीच्या कापसात पडल्यावर विझेल याचा भरवसा नाही.

सासऱ्यांना सिगारेट सोडा म्हणून ऐकवत बसू नका, त्याने ते अधिक हट्टाने पांघरुणात ओढतील. ओसरीत गादी-उशी नसलेली लाकडी खुर्ची आणि वाळूचा डबा ठेवा, आणि पाकीट व काडेपेटी दोन्ही तेथेच राहतील असे करा. तात्यांनी दोन महिने कुरकुर केली, नंतर ते तेथेच बसू लागले. खोलीत बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म लावणार असाल तर फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा घ्या, धुमसणारी आग तो लवकर ओळखतो.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. आम्ही गादी ओढत बाहेर नेली, ते ती अंगणाला लागूनच ओसरीत होती म्हणून निभावले. ज्वाळा दिसत असेल किंवा खोली धुराने भरलेली असेल तर गादीला हात लावू नका. माणसे बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ ला फोन करा. धुरात सापडलेला माणूस बोलता-चालता दिसला तरी त्याला त्याच रात्री दवाखान्यात न्या. आम्ही तात्यांना सकाळपर्यंत घरीच ठेवले, ती आमची चूक होती.

आज रात्री सासरे जेवायला बसले असताना त्यांची चादर आणि वरची गोधडी उलटून पाहा. तात्यांच्या गोधडीवर आम्हाला मागाहून मसुराएवढे अकरा करपलेले डाग सापडले, त्यांपैकी सहा उशाकडच्या घडीत होते. ती गोधडी मी जपून ठेवली आहे. येत्या अक्षय्य तृतीयेला सगळी भावकी जमेल तेव्हा बंधूंसमोर ती उलगडणार आहे, आणि त्या वायरमनलाही मी जेवायला बोलावले आहे.