‘घरा समोर’ की ‘घरासमोर’?

तुमच्या मजकुरात ‘राम ने’, ‘घरा समोर’, ‘त्याच्या बद्दल’ असं तुटक लिहिलेलं दिसलं. हिंदीत ‘राम ने’ सुटं लिहितात, मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय जोडूनच येतात: रामने, घरासमोर, त्याच्याबद्दल.

शंका आली की आधीचा शब्द एकटा म्हणून पाहा. ‘घरा’, ‘झाडा’ एकटे उभे राहत नाहीत. हे सामान्यरूप आहे, पुढचा शब्द त्याला चिकटवा. ‘नदी’सारख्या शब्दात बदल दिसत नाही. तिथे ‘डोंगर’ ठेवून बघा: ‘डोंगरावर’ होतं, म्हणून ‘नदीवर’ही एकत्र.

खरी गोची ‘वर’, ‘मागे’, ‘पुढे’ यांची. ‘पुस्तक वर ठेव’ म्हणजे पुस्तक उचलून उंचावर ठेव. ‘पुस्तकावर ठेव’ म्हणजे दुसरी वस्तू पुस्तकाच्या पृष्ठभागावर. पहिल्यात ‘वर’ क्रियाविशेषण आहे, ते सुटंच राहतं. ‘नदी वर आली’ आणि ‘नदीवर आली’ यांत तर एका मोकळ्या जागेने पूर येतो किंवा जातो!

आणि ‘पाटील यांना’ मात्र जोडू नका. तिथे ‘ना’ हा प्रत्यय ‘यां’ला आधीच लागलेला आहे.