डॉलर अमेरिकेत, पगार पुण्यात: कधी आणि किती बदलायचे?

प्रश्न: आमची मूळ कंपनी डेलावेअरची, टीम सगळी पुण्यात. सीड राउंडचे १५ लाख डॉलर अमेरिकेतल्या बँकेत पडून आहेत. भारतातला खर्च पगार, पीएफ, भाडं, कर सगळं धरून महिन्याला ६० लाख रुपये, तिकडचा १५ हजार डॉलर. सध्या डॉलर ९० च्या आसपास आहे. को-फाउंडर म्हणतो अजून वाढेल, थांबूया. मला वाटतं सगळे एकदम आणून एफडी करावी. कधी आणि किती बदलू?

उत्तर:

आधी कागद-पेन्सिल घ्या आणि दराचा तुमच्या आयुष्यावर नेमका किती परिणाम होतो ते बघा. ९० च्या दराने ६० लाख म्हणजे साधारण ६६,७०० डॉलर. त्यात तिकडचे १५ हजार मिळवले की महिन्याला ८१,७०० जातात आणि १५ लाख डॉलर १८.४ महिने पुरतात. डॉलर ९५ झाला तर १९.२ महिने. ८५ वर आला तर १७.५. म्हणजे पाच रुपयांची उडी, जिच्यावरून तुमची रोज वादावादी होत असेल, ती दोन्हीकडे एका महिन्यापेक्षाही कमी फरक पाडते. आता याच वहीत दर ९० ठेवून भारतातला खर्च दहा टक्क्यांनी वाढवा. एप्रिलची पगारवाढ आणि दोन नवी माणसं एवढ्यातच तो वाढतो. रनवे, म्हणजे पैसे पुरण्याचा काळ, १७ महिन्यांवर येतो. तुमच्या पगारपत्रकाचा धक्का रुपयाच्या धक्क्यापेक्षा मोठा आहे.

दर तुमच्या विरुद्ध फार गेला तर काय, हेही एकदा मोजून टाका. रुपया फक्त घसरतच जातो असं मानणाऱ्यांना २००७ आठवत नसावं. त्या वर्षाच्या सुरुवातीला डॉलर ४४ च्या घरात होता, नोव्हेंबरपर्यंत ४० च्या खाली आला आणि निर्यातदार आयटी कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तसंच काही होऊन ९० चे ८० झाले, तर तुमचा रनवे १६.७ महिने होईल. दुखेल, पण बुडणार नाही. म्हणून बोर्डाला दाखवायच्या बजेटमध्ये ८६ धरा आणि पुढचा राउंड कधी उभा करायचा ते त्याच आकड्यावर ठरवा. ८६ च्या वर जे मिळेल ती शिल्लक.

आता थांबण्याबद्दल. थांबणं फुकट नसतं आणि एकदम सगळे आणणंही फुकट नसतं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या ट्रेझरी बिलांवर चार टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं आणि इथल्या एफडीवर सहाच्या आसपास. पुढच्या तारखेचा दर आजच ठरवणाऱ्या करारात, म्हणजे फॉरवर्डमध्ये, डॉलरला आजच्या दरावर मिळणारा प्रीमियमही साधारण या दोन टक्क्यांच्या फरकाएवढाच होता, आणि तो योगायोग नाही, बाजार तो फरक दरातच भरतो. अर्थ असा की ९० चा डॉलर वर्षभरात पावणेदोन-दोन रुपयांनी वाढला तर तुमच्या को-फाउंडरची आणि तुमची बरोबरी होते. त्याहून जास्त वाढला तर तो जिंकतो, कमी वाढला तर तुम्ही.

आणि त्यात वेळेचं काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉलर ८७ च्या पुढे गेला होता. "९० होईल" म्हणून तेव्हा जे थांबले, त्यांना मेच्या सुरुवातीला ८४ च्या आसपासचा दर बघावा लागला. शेवटी डिसेंबरमध्ये ९० झालेच, म्हणजे त्यांचा अंदाज बरोबर निघाला. पण मधले दहा महिने पगार तर द्यावे लागलेच, आणि ते जो दर मिळेल त्यालाच. ज्याला दर महिन्याला खरेदी करायचीच आहे त्याच्यासाठी दिशेचा अंदाज बरोबर येणं पुरेसं नसतं.

तुमची एफडीची कल्पना मला वेगळ्या कारणासाठी पटत नाही. भारतात आलेले पैसे परत अमेरिकेत नेणं अवघड. मूळ कंपनीने उपकंपनीत भांडवल म्हणून टाकलेली रक्कम काढून घ्यायची तर लाभांश, शेअर बायबॅक, भांडवल कपात असे सगळे करपात्र किंवा वेळखाऊ मार्ग उरतात. उद्या तुम्ही न्यूयॉर्कला सेल्सचा माणूस घेतलात, किंवा कुणी विकत घ्यायला आलं, तर डॉलर डॉलरमध्येच असलेले बरे.

मग किती? माझा हिशोब साधा आहे: भारतातल्या खात्यात कायम दोन महिन्यांचा खर्च, तुमच्या बाबतीत १ कोटी २० लाख, आणि दर महिन्याला एका महिन्याची भरपाई. दोनच महिने का? १० मार्च २०२३, शुक्रवार. सिलिकॉन व्हॅली बँक नियामकांनी बंद केली. ठेव विमा अडीच लाख डॉलरपर्यंतच. डेलावेअरवाल्या कितीतरी भारतीय स्टार्टअपांचा पूर्ण राउंड तिथेच होता. रविवारी रात्री सगळ्या ठेवी सुरक्षित असल्याची घोषणा झाली आणि सोमवारी पैसे मिळाले म्हणून निभावलं. पण तो शनिवार-रविवार ज्यांच्या रुपयाच्या खात्यात फक्त चालू महिन्यापुरते पैसे होते त्यांनी कसा काढला ते त्यांनाच विचारा. दोन महिने एवढ्यासाठी की तिकडची बँक अडकली तर दुसरीकडे खातं उघडून वायर सुरू करायला वेळ मिळावा. तिकडचे डॉलरही एकाच बँकेत ठेवू नका, हे ओघाने आलंच.

पहिली १ कोटी २० लाखांची शिल्लक भांडवल म्हणून आणा. रक्कम आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप आणि वाटपापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर फॉर्म, शिवाय व्हॅल्युएशन रिपोर्ट आणि बोर्ड ठराव. हे दर महिन्याला करायचं झालं तर तुमचा कंपनी सेक्रेटरी पळून जाईल. म्हणून दरमहाचे पैसे सर्व्हिस ॲग्रीमेंटखाली बिल लावून आणतात: खर्च अधिक मार्कअप. मार्कअपमुळे कर वजा जाऊनही थोडे थोडे रुपये इथे साचत जातात आणि बरेच जण ते विसरून दर महिन्याला ठरलेली रक्कम पाठवत राहतात. वायर करण्याआधी बँकेतली शिल्लक बघा. बिल वेळेवर लावा, मात्र करारात दिलेल्या मुदतीत पैसे थोडे मागेपुढे आणता येतात.

तारीख: महिन्याची २० किंवा तिच्या आधीचा कामकाजाचा दिवस. पगार शेवटच्या दिवशी, टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला, पीएफ १५ ला. स्विफ्टला एक-दोन दिवस, बँकेने बिल किंवा पर्पज कोड विचारला की आणखी दोन. २० तारीख या सगळ्याला पुरते. दर बघून तारीख हलवायची नाही, एवढा एकच नियम पाळलात तर वर्षभराची सरासरी आपोआप मिळते. सूट एकच ठेवा: दर बजेटपेक्षा बराच वर असेल तर आणखी दोन महिन्यांचे आणा. एकूण चार महिन्यांच्या वर जाऊ नका.

आता ज्यावर कुणी बोलत नाही ते. बहुतेकांचे खरे पैसे रूपांतरात गळतात, अंदाज चुकल्यामुळे नव्हे. पहिली गळती अमेरिकेतच होते. वायर भरताना तिकडच्या बँकेचं पोर्टल रुपयांत पाठवायचा पर्याय सुचवतं, कधी "शून्य फी" म्हणून. त्यात फी दरात मिसळलेली असते. वायर डॉलरमध्येच पाठवा.

दुसरी इथे. डॉलर आले की बँकेला काही न सांगता बसलात तर शाखा आपला छापील कार्ड रेट लावते. आंतरबँक दरापेक्षा ६० पैसे खाली असणं मुळीच अपवादात्मक नाही. ६६,७०० डॉलरवर ६० पैसे म्हणजे महिन्याला ४० हजार. हेच मार्जिन १० पैशांवर आणलं तर ६,७०० रुपये. अठरा महिन्यांत सहा लाखांचा फरक, आणि त्यासाठी रुपयाचं भविष्य सांगावं लागत नाही.

मार्जिन खाली आणायचं ते असं. बँकेशी मार्जिन लेखी ठरवून घ्या. "स्पेशल रेट देतो सर" याला अर्थ नाही, "आंतरबँक दर उणे इतके पैसे" असं मेलवर पाहिजे. मग प्रत्येक वेळी सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान ट्रेझरी डेस्कला फोन करून दर बुक करा आणि त्या मिनिटाचा बाजारभाव समोर ठेवा. डीलर स्पॉटपेक्षा दोन-चार पैसे कमी सांगेल तर लगेच भांडू नका. स्पॉटचे पैसे दोन दिवसांनी मिळतात, तुम्हाला आजच हवे आहेत, म्हणून कॅश रेट लागतो आणि तो थोडा खालीच असतो. नंतर तपासायचं असेल तर एफबीआयएल ही संस्था जाहीर करते तो त्या दिवसाचा संदर्भ दर दुपारी येतो. तुमच्या ॲडव्हाइसवरच्या दराशी तो लावून बघा. एखाद्या दिवशी फरक पडेल, पण सलग तीन महिने ४० पैसे खाली दिसलं तर मार्जिन हळूच वाढवलेलं आहे. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचं एफएक्स-रिटेल नावाचं व्यासपीठ २०१९ पासून आहे. बँकेमार्फत त्यावर नोंदणी मागा. वापरलं नाहीत तरी मागितल्यावर शाखेचा सूर बदलतो!

आलेले डॉलर त्याच दिवशी बदलायचे नसतील तर सेवेच्या बिलाची रक्कम इथल्याच बँकेत ईईएफसी या परकीय चलनाच्या खात्यात ठेवता येते, पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. व्याज शून्य. भांडवल म्हणून आलेली रक्कम मात्र या खात्यात चालत नाही. डॉलर बदलायला थांबायचंच असेल तर अमेरिकेत ट्रेझरी बिलात थांबा.

फॉरवर्ड सध्या नको. बँक लिमिट किंवा अनामत म्हणून मार्जिन मागेल, आणि करार मोडावा लागला तर नुकसान तुमचं. महिन्याला अडीच-तीन लाख डॉलर लागायला लागले की पुढच्या तीन महिन्यांच्या निम्म्या रकमेचे साधे फॉरवर्ड विका, तेव्हा प्रीमियमही तुमच्या बाजूने असतो. "शून्य खर्चाचं" काहीतरी रचलेलं उत्पादन घेऊन कुणी आलं तर चहा पाजून परत पाठवा. २००७-०८ मध्ये अशाच ऑप्शनांपायी निर्यातदार कोर्टाच्या पायऱ्या चढले होते.

हे सगळं एका पानावर लिहा: बजेट दर ८६, शिल्लक दोन महिने, तारीख २०, कमाल चार महिने, मार्जिन किती पैसे. दोघांनी सह्या करून बोर्डाच्या पुढच्या बैठकीत नोंदवून घ्या. को-फाउंडरला डॉलर १०० होईल असं वाटत असेल तर त्याने ते मत खुशाल ठेवावं, कमाल चार महिन्यांच्या पलीकडचे डॉलर तसेही तिकडेच असणार आहेत.