रेट्रोच्या नोट्समधून पक्की नोंद कशी करावी?

प्रश्न: आमची टीम रत्नागिरीत आहे. रेट्रोच्या, म्हणजे कामाचा टप्पा संपल्यावर काय सुधारायचं ते बोलायच्या मीटिंगच्या, चिठ्ठ्यांवरून मॅनेजरला सुधारणांची औपचारिक नोंद द्यायची आहे. काय लिहू, काय गाळू?

उत्तर: एकमत झालं तेवढंच घ्या. कोण काय बोललं ते गाळाच, नाहीतर पुढच्या वेळी कुणी मोकळेपणाने बोलणार नाही.

समजा चिठ्ठीवर ‘पावसात लाईट गेली की रिलीज अडकतो’ असं आहे. ही तक्रार झाली. नोंदीत लिहा: ‘रिलीज कुणाच्या लॅपटॉपवरून न होता क्लाउडवरच्या पाइपलाइनमधून होईल. आढावा १४ जुलै. तोपर्यंतचे सगळे रिलीज पाइपलाइनच्या लॉगमध्ये दिसले पाहिजेत.’

जबाबदारीच्या रकान्यात ‘टीम’ नको, एकाच माणसाचं नाव हवं, आणि तेही त्याला विचारून. आढावा शक्यतो पुढच्या रेट्रोच्याच दिवशी ठेवा, म्हणजे वेगळी मीटिंग लावावी लागत नाही.