हात डोक्यातूनच निघू द्या

> मुलीने (वय साडेचार) मेणखडूने आजी आणि मांजर काढलंय. फ्रेम करून लावायचंय. एआयला 'याचं सुंदर चित्र करून दे' म्हटलं की सुंदर चित्र येतं, पण ते तिचं राहत नाही. प्रॉम्प्टमध्ये नेमकं लिहायचं तरी काय?

तुम्ही पाठवलेल्या फोटोतली आजी पाहिली आणि आमच्या घरचं जुनं दुखणं वर आलं. फोटो कसा काढायचा, कुठे चढवायचा हे तुम्हाला जमतंच, त्यात शिरत नाही. फक्त फ्लॅश नको. मेणाचा थर चकाकतो आणि ते पांढरे डाग यंत्राला चित्राचाच भाग वाटतात.

आधी गाऱ्हाणं ऐकवते, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे. 'मुलांच्या चित्रांना पुस्तकाचं रूप देतो' म्हणणाऱ्या एका सेवेला (नाव घेत नाही) मी मुलाने काढलेलं घरच्यांचं चित्र दिलं होतं. त्यात बाबा म्हणजे एक भलामोठा वाटोळा चेहरा, त्यालाच खाली दोन पाय आणि कानांच्या जागी दोन हात. धाकटी बहीण आम्हा दोघांहून मोठी, कारण तेव्हा घरात सगळं तिच्याभोवतीच चालायचं. परत आलं ते एक नीटनेटकं कुटुंब! मान, खांदे, कंबर, मोजून पाच-पाच बोटं, आणि बहीण सगळ्यात लहान. तक्रार केली तर म्हणे, 'मूळ चित्रात प्रमाण चुकलं होतं, ते आम्ही सुधारून दिलंय.' पुन्हा करून मागितलं तर तेच चित्र, फक्त रंग भडक. प्रॉम्प्ट काय दिलात विचारलं, तर ती म्हणे त्यांची अंतर्गत बाब. पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच. 'सुधारून दिलंय' हे शब्द आजही डोक्यात जातात.

पण त्या उत्तरात खरी मेख आहे. तीन-चार वर्षांची मुलं धड न काढता डोक्यालाच हातपाय जोडतात, हे जगभर दिसतं. कोण मोठं, कोण लहान हेही कधीकधी मापावर नाही, महत्त्वावर ठरतं. यंत्र मात्र शिकलंय मुख्यतः मोठ्यांच्या चित्रांवर आणि फोटोंवर. त्यामुळे ज्या विचित्रपणाबद्दल तुम्ही काहीच बोलत नाही, तो त्याच्या लेखी दोष ठरतो आणि गुपचूप दुरुस्त होतो. म्हणून माझं ठाम मत (मी चित्रकार नाही, हौशी आहे, आणि ही साधनं सारखी बदलतात, हे धरून चाला): प्रॉम्प्टचे दोन भाग करा. काय हलवायचं नाही ते आधी, काय बदलायला मोकळीक आहे ते नंतर. पहिला भाग दुसऱ्याच्या दुप्पट लांब झाला तरी चालेल.

पहिला भाग लिहिताना चित्राकडे पंचनाम्याला बसल्यासारखं बघा. 'आजीचं डोकं मोठं आहे' याने काही होत नाही. किती मोठं? तुमच्या फोटोवर पट्टी धरून पाहिली. डोकं तिच्या एकूण उंचीच्या जवळपास निम्मं आहे. चित्रात डावीकडच्या हाताला सात बोटं, उजवीकडच्या हाताला तीन. मांजर आजीच्या दीडपट लांब, चारही पाय एका ओळीत, दोन्ही डोळे चेहऱ्याच्या एकाच बाजूला. निळा रंग मांजरीच्या रेषेबाहेर गेलाय. हे सगळं जसंच्या तसं सांगायचं:

```
जोडलेल्या चित्रातली प्रत्येक बाह्यरेषा, जागा आणि आकार तसाच ठेव.
आजी: डोकं एकूण उंचीच्या निम्मं. पाय थेट डोक्याला जोडलेले.
हात डोक्याच्या कडेतून निघतात. चित्रात डावीकडच्या हाताला
७ बोटं, उजवीकडच्या हाताला ३ बोटं.
मांजर: आजीच्या दीडपट लांब. चारही पाय एका ओळीत.
दोन्ही डोळे चेहऱ्याच्या डाव्या बाजूला.
रेषा थरथरती, जाडी कमी-जास्त, जिथे तुटली तिथे तुटलेलीच.
निळा रंग मांजरीच्या रेषेबाहेर गेलेला, तितकाच.
बदल फक्त पृष्ठभागात: जलरंगाचा पोत, स्वच्छ फिकट कागद,
मऊ सावली. रंग मूळ चित्रातलेच. मागची जागा रिकामी.
```

यात 'मान काढू नकोस', 'खांदे नकोत' असं कुठेही नाही, ते मुद्दाम. नकारासाठी वेगळी चौकट नसेल, तर नको म्हणून नाव घेतलेली वस्तूच पुष्कळदा चित्रात येऊन बसते. हात कुठून निघतात ते सांगितलं की खांद्यांचा विषयच निघत नाही. 'गोंडस', 'सुंदर', 'पुस्तकातल्यासारखं' हे शब्दही काढून टाका. त्यांनी ठरावीक मोठे डोळे आणि गुलाबी गाल येतात. आणि 'लहान मुलाने काढल्यासारखं' तर मुळीच लिहू नका. त्याने बालचित्राची नक्कल येते, तुमच्या मुलीचं चित्र येत नाही.

ज्या साधनात मूळ चित्रापासून किती दूर जायचं याची पट्टी असते (बहुधा 'denoising strength', ० ते १), तिथे मी ०.३५ पासून सुरू करते. त्याच्या फार खाली गेलं तर खडूच्या रेघोट्या नुसत्या धूसर होतात. ०.६ च्या पुढे बोटं पाच व्हायला लागतात. रेषा पकडून ठेवणारी 'ControlNet'ची सोय असेल तर ती चालू करा, मग पट्टी थोडी वर नेता येते. कागदाचं लांबी-रुंदीचं प्रमाण आणि येणाऱ्या चित्राचं प्रमाण एकच ठेवा. उभ्या कागदाचं चौकोनी चित्र मागितलंत तर ताणून तरी येईल, कापून तरी येईल, आणि कडेला जे असेल ते गेलंच म्हणून समजा.

निकाल डोळ्यांनी जोखू नका. नवं चित्र गोड असतं, नजर फसते. लेयर असलेल्या कुठल्याही ॲपमध्ये मूळ चित्र खाली, नवं वर ठेवून वरचं ५० टक्के पारदर्शक करा. रेषा एकावर एक बसल्या तर ठीक. डोक्याच्या कडेला दोन रेषा दिसल्या तर डोकं लहान-मोठं झालंय किंवा सरकलंय. बोटं मोजाच, सगळ्यात आधी तिथेच गडबड होते. चूक सापडली तर आलेल्या चित्रावर 'आता बोट वाढव' असं सांगत बसू नका. दर फेरीला चित्र थोडं थोडं सरकतं, आणि चौथ्या फेरीला आजी दुसरीच कोणीतरी होते. प्रॉम्प्टमधलं ते वाक्य सुधारा आणि दर वेळी मूळ स्कॅनवरूनच नव्याने सुरू करा.

जाता जाता, कोपऱ्यात मुलीने नाव लिहिलंय ते चढवण्याआधी कापा. एक तर मुलांची नावं अशी कुठेही जाऊ नयेत, आणि दुसरं, तिचं उलटं 'र' यंत्र सरळ करून टाकेल.

इतकं करूनही सात बोटं येतीलच याची खात्री मी देणार नाही. मोजणीत ही साधनं कच्ची आहेत. बोटं नाहीच जमली तर हट्ट सोडा आणि तेवढी रेष मूळ चित्रातून घ्या. स्कॅनमधला कागद पूर्ण पांढरा होईपर्यंत उजळवा, तो लेयर नव्या चित्राच्या वर 'Multiply' करून ठेवा आणि हाताच्या भागाखेरीज बाकी पुसून टाका. खालच्या लेयरवरची यंत्राची बोटं ब्रशने आजूबाजूच्या रंगात मिसळून घ्या. छापल्यावर जोड दिसत नाही, मात्र आधी दोन्ही चित्रं एकावर एक नीट बसलेली हवीत, नाहीतर हात डोक्यापासून सुटा दिसतो.