शेरलॉकचा लाल चिखल पुण्यात टिकेल का?

प्रश्न: शेरलॉक होम्स बुटावरचा चिखल बघून माणूस कुठे जाऊन आला ते सांगतो. खऱ्या आयुष्यात असं जमतं का, की सगळी लेखकाची सोय?

निरीक्षणाचा भाग जमतो. त्यावरून तो ज्या खात्रीने बोलतो, ती खात्री मात्र लेखकाने पुरवलेली आहे. तुम्ही चिखलाचा विषय काढलाच आहे, तर तोच धरून बोलू, कारण मातीचा पुरावा प्रयोगशाळेत खरोखर तपासला जातो आणि कथेतलं उदाहरणही नेमकं आहे.

1890 सालच्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये होम्स वॉटसनला सांगतो की तू आज सकाळी विगमोर स्ट्रीटच्या पोस्टात जाऊन तार केलीस. कसं ओळखलं? वॉटसनच्या बुटाला थोडी तांबूस माती लागलेली असते. त्या पोस्टासमोर फरसबंदी उखडून माती टाकलेली आहे आणि ती तुडवल्याशिवाय आत जाता येत नाही. तशा रंगाची माती, होम्सच्या माहितीप्रमाणे, आसपास दुसरीकडे कुठेच नाही. म्हणजे पोस्ट ठरलं. आता काम कोणतं? सकाळभर वॉटसन समोर बसला होता, पत्र लिहिलं नव्हतं, टेबलात तिकिटं आणि पोस्टकार्डांचा गठ्ठा होताच. मग उरली तार.

यातली माती बूट बघणाऱ्या कुणालाही दिसेल. सगळा डोलारा उभा आहे तो 'दुसरीकडे कुठेच नाही' या वाक्यावर. आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राच्या भाषेत ही व्याप्ती झाली. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे असं म्हणता येतं, कारण अग्नीशिवाय धूर कुठे आढळत नाही. 'लाल माती तिथे पोस्ट' अशी व्याप्ती मात्र कुठल्याच शहरात मिळत नाही. होम्स याला निगमन म्हणतो, पण निगमनात आधारवाक्यं खरी असली की निष्कर्ष खोटा असूच शकत नाही. इथे तर माती खरी, खणलेला रस्ता खरा, आणि तरी माणूस पोस्टात गेलेला नसू शकतो. हा परिणामावरून कारणाचा अंदाज आहे. अंदाज चांगला की वाईट, हे तोच परिणाम घडवणारी दुसरी कारणं किती आहेत यावर ठरतं.

पुण्यात आणून बघा. कर्वे रोडवरच्या एखाद्या पोस्टासमोर खोदाई चालू आहे आणि चरावर मुरूम पसरलाय. जवळच्या कचेरीत त्या सकाळी 200 माणसं आली. हिशोबापुरतं धरू की त्यातली 4 पोस्टात जाऊन आली, आणि चौघांपैकी तिघांच्या बुटाला मुरूम लागला. चौथ्याने उडी मारली. उरलेल्या 196 जणांपैकी फक्त एकाला कुठूनतरी तसाच चिखल लागला असेल, तर चिखलवाले एकूण चार आणि त्यातले तीन पोस्टातले. होम्स चारात तीनदा बरोबर, म्हणजे वाहवा मिळवण्याइतका बरोबर.

आता जुलै महिना धरा. पाण्याची लाइन, केबल, ड्रेनेज, सगळीकडे चर. उरलेल्यांपैकी दहातल्या एकाला मुरूम लागला तरी ती जवळजवळ 20 माणसं झाली. चिखलवाले 23, त्यातले पोस्टातले तेच तीन. आता तोच होम्स, तेवढ्याच तीक्ष्ण नजरेने, आठांत सातदा चुकेल. बूट तोच, माती तीच, बदललं फक्त शहर. लेखक कथेत नेमकं हेच करतो: शहरातले बाकीचे चर बुजवून टाकतो.

पुढची कडी तर आणखी कच्ची आहे. पोस्टात माणूस मनीऑर्डर करायला जातो, पासबुक भरून घ्यायला जातो, स्पीड पोस्ट आलंय का विचारायला जातो, किंवा कालच लिहिलेलं पत्र टाकायला जातो. अशा पाच कड्या जोडल्या आणि प्रत्येक कडी दहात आठदा बरोबर असली, तरी पाचही एकदम बरोबर असण्याची शक्यता तिनात एक एवढीच उरते. कथेत साखळी जितकी लांब तितकं आपण थक्क होतो, खरं तर तितकं सावध व्हायला हवं. सुतावरून स्वर्ग म्हणतात तो हाच.

मग माती कामाची नाहीच का? आहे, पण वेगळ्या रीतीने. यातलं सगळ्यात सुंदर उदाहरण जर्मनीतलं आहे. 1908 साली बव्हेरियात एका स्त्रीचा खून झाला आणि गेओर्ग पॉप या रसायनतज्ज्ञाकडे संशयिताचे बूट आले. बुटांवर मातीचा जाड थर होता. संशयिताच्या बायकोने ते बूट आदल्या रात्री स्वच्छ केले होते, म्हणजे जे काही चिकटलं ते त्या एकाच दिवसातलं. पॉपने माती खरवडून एकत्र केली नाही, थर वेगळे काढले. चामड्याला लागून बदकजातीच्या पक्ष्याची, हंसाची, विष्ठा होती. तशी त्या माणसाच्या अंगणात होती. त्यावर तांबड्या वालुकाश्माची माती, जशी प्रेत सापडलं तिथे होती. सगळ्यात वर कोळसा, विटांची भुकटी आणि सिमेंट, जे एका पडक्या किल्ल्यापाशी होतं आणि तिथेच त्याची बंदूक आणि कपडे लपवलेले सापडले. थरांचा क्रम म्हणजे दिवसाचा क्रम.

पण मला यातली सर्वांत वजनदार गोष्ट वेगळीच वाटते. तो माणूस म्हणत होता की मी दिवसभर माझ्या शेतात होतो. त्या शेतात दुधाळ रंगाच्या गारगोटीचे कण होते. बुटावर त्यातला एकही नव्हता. 'जुळतं' यापेक्षा 'जुळत नाही' हे कितीतरी पक्कं असतं. दोन माती एकसारख्या दिसल्या तर तशी माती आणखी कुठे आहे हा प्रश्न उरतोच; वेगळ्या निघाल्या तर ती वाट तिथेच बंद होते. म्हणून तपासनीसाच्या अहवालात सहसा 'या जागेतली माती असण्याची शक्यता वगळता येत नाही' अशी बेचव भाषा असते. होम्सच्या तोंडी ती शोभली नसती.

पॉपच्या जागी आज कुणी असेल तर काम साधारण असं चालतं. बूट पंचनाम्यात जसाच्या तसा घेतात, घटनास्थळी खरवडत नाहीत. डावा-उजवा वेगवेगळ्या कागदी पाकिटात. ओला बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की बुरशी येते आणि थर एकमेकांत कालवतात; मुद्देमाल बिघडण्याचं हे अगदी घरगुती कारण आहे. मग तुलनेचे नमुने: घटनास्थळाच्या चार-सहा ठिकाणांहून, संशयिताच्या अंगणातून, आणि तो 'मी तिथे होतो' म्हणतो त्या जागेवरून. चमचाभर पुरतो, पण वरचाच पापुद्रा हवा. फावड्याने खोल खणून घेतला तर जी माती बुटाला कधी लागलीच नसती तिच्याशी तुलना होते. सगळे नमुने एकाच पद्धतीने वाळवून, एकाच उजेडात, रंगांच्या प्रमाणित तक्त्याशी ताडतात, कारण ओली माती नेहमी गडद दिसते. रंग जुळला तरच पुढे चाळण्या आणि सूक्ष्मदर्शक.

होम्स या सगळ्याला फाटा देतो. नुसत्या नजरेने, खुर्चीत बसून, तुलनेचा एकही नमुना न घेता.

पुण्यात तर आणखी एक अडचण आहे. आपल्या पायाखाली मैलोन्‌मैल एकच काळा बेसाल्ट आहे. काळी माती त्याचीच, मुरूमही त्याचाच. त्यात एकाच खाणीतला मुरूम ट्रकने दहा ठिकाणी पडतो. त्यामुळे हडपसरचा चर आणि बावधनचा चर खनिजांवरून वेगळे ओळखणं कठीण जातं. जांभ्याची लालभडक माती गाडीच्या चाकाला दिसली तर कोकण किंवा महाबळेश्वर म्हणायचा मोह होतो, आणि अनेकदा ते बरोबरही निघेल. पण तसल्या लाल मातीची पोती कुंड्यांसाठी नर्सरीत मिळतात हे विसरायचं नाही. इथे उपयोगी पडते ती माणसाने मिसळलेली भर: सिमेंट, विटेचा चुरा, रंगाचे पापुद्रे, रांगोळी, एखाद्या कारखान्याची धातूची भुकटी. एक घटक क्वचितच काही सांगतो, पण तिघे-चौघे एकत्र आले की तसं मिश्रण असलेल्या जागा झपाट्याने कमी होतात. शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळी शितं एकाच पातेल्यात शिजलेली असतात म्हणून. शहर हे एक पातेलं नाही.

होम्स ज्यांच्यावर बेतला ते एडिंबराचे डॉक्टर जोसेफ बेल खरोखर असं ओळखायचे, असा मुद्दा यावर निघतोच. कॉनन डॉयल त्यांचा विद्यार्थी होता आणि त्यानेच एक किस्सा लिहून ठेवलाय. रोगी आत आला, अदबीने वागला पण टोपी काढली नाही; सैन्यात ती काढत नाहीत आणि सुटून बराच काळ झाला असता तर बाहेरची रीत अंगवळणी पडली असती, म्हणजे नुकताच सैन्यातून सुटलेला. बोलण्या-वागण्यात अधिकार, म्हणून हुद्देदार. आजार हत्तीरोग, तो ब्रिटनमधला नव्हे, म्हणून वेस्ट इंडीजमधलं बार्बाडोस. सगळं बरोबर निघालं. पण आपल्याकडच्या वाचकाने इथे थबकायला हवं. हत्तीरोग हिंदुस्थानातही होता, विदर्भात आजही आहे, आणि स्कॉटिश पलटणी इथेही होत्या. बेलनी दोनातलं एक निवडलं आणि ते लागलं. शिवाय चुकले असते तरी रोगी समोरच बसला होता, लगेच 'नाही' म्हणाला असता. रोज शेकडो अंदाज आणि प्रत्येकाचं उत्तर तत्काळ, अशा जागी नजर खरोखर तयार होते. गुन्ह्याच्या तपासात ते उत्तर कुणी देत नाही.

न्यायालयाला हा फरक चांगला माहीत आहे. पुण्यात झालेल्या एका मृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली परिस्थितिजन्य पुराव्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या. निकालात त्यांना पंचशील म्हटलंय. त्यातली एक अशी, की आरोपीच्या दोषाखेरीज दुसरी प्रत्येक शक्यता पुराव्याने वगळली गेली पाहिजे. म्हणजे 'पोस्टात गेला असेल' चालणार नाही, 'पोस्टाशिवाय कुठे गेलेलाच नाही' हे दाखवावं लागेल. वॉटसनच्या तारेला ही कसोटी लावली तर होम्सच्या हातात पुरावा म्हणून एकच गोष्ट उरते, ती म्हणजे वॉटसनने स्वतः दिलेली कबुली.