एकाच नमुन्याची दोन ब्लॉकिंग तापमानं

प्रश्न: आमच्या १० नॅनोमीटरच्या मॅगहेमाइट कणांचं ब्लॉकिंग तापमान स्क्विड मॅग्नेटोमीटरवर २८ केल्विन आलं. पण मॉसबावर स्पेक्ट्रममध्ये १०० केल्विनलाही सहा रेषा स्पष्ट दिसतात. कोणतं मापन चुकलंय?

बहुधा कोणतंच नाही. क्युरी तापमान जसं पदार्थाचं असतं तसं ब्लॉकिंग तापमान नसतं. कण आणि त्याच्याकडे बघणारं उपकरण, दोघं मिळून ते ठरवतात.

एवढ्या लहान कणात एकच डोमेन असतो आणि त्याचा सगळा मोमेंट एकत्र फिरतो. सोप्या अक्षाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उलटायचं तर मध्ये KV एवढा ऊर्जेचा अडसर असतो. K म्हणजे अनायसोट्रॉपी स्थिरांक आणि V म्हणजे कणाचं घनफळ. उष्णतेच्या जोरावर मोमेंट हा अडसर सरासरी किती वेळाने ओलांडतो, ते नीलच्या सूत्रातून कळतं:

```
τ  = τ0 · exp(KV / (kB·T))
TB = KV / (kB · ln(τm/τ0))
```

kB हा बोल्ट्झमन स्थिरांक, τ0 हा मोमेंटच्या उलटण्याच्या दोन प्रयत्नांमधला काळ आणि τm हा मापनाचा काळ. τ त्याहून मोठा असेल तर मोमेंट थिजलेला दिसतो, लहान असेल तर सरासरी शून्य होते आणि कण सुपरपॅरामॅग्नेटिक दिसतो. हे दोन काळ ज्या तापमानाला जुळतात ते ब्लॉकिंग तापमान.

आता तुमचेच आकडे घालू. १० नॅनोमीटर व्यासाच्या गोलाचं घनफळ ५.२ × १०⁻²⁵ घनमीटर. K साठी मी २ × १०⁴ ज्यूल प्रति घनमीटर धरतो. मोठ्या स्फटिकात तो कमी असतो, पण नॅनोकणांत पृष्ठभागामुळे वाढतो. KV ला kB ने भागलं की साधारण ७६० केल्विन मिळतात. τ0 १०⁻¹⁰ सेकंद धरू. स्क्विडचा काळ सुमारे १०० सेकंद, म्हणून लॉगरिदम २७.६ आणि ब्लॉकिंग तापमान २७.५ केल्विन. मॉसबावरमध्ये लोखंडाच्या केंद्रकाला काही नॅनोसेकंदांतलीच हालचाल दिसते. १०⁻⁸ सेकंद धरले तर लॉगरिदम फक्त ४.६ उरतो आणि तापमान चढतं १६५ केल्विनवर. सहा रेषा ही थिजलेल्या मोमेंटची खूण, म्हणजे १०० केल्विनला त्या दिसायलाच हव्यात.

काळ लॉगरिदमच्या आत दडलेला आहे, हे इथे नीट लक्षात घ्या. स्क्विडवर तापमान चढवायचा वेग बदलून τm दहापट केला तरी उत्तर जेमतेम ८ टक्क्यांनी हलतं. घनफळ मात्र थेट गुणाकारात आहे. व्यास १० चा ११ नॅनोमीटर झाला की ब्लॉकिंग तापमान ३३ टक्क्यांनी वाढतं. त्यामुळे व्यासातली चूक ही मापनाच्या काळाबद्दलच्या अंदाजापेक्षा कितीतरी महाग पडते.

म्हणूनच झेडएफसी, म्हणजे क्षेत्राविना थंड करून मग क्षेत्रात तापवताना मोजलेल्या वक्राचं शिखर सरळ सूत्रात टाकून K काढू नका. नमुन्यात लहानमोठे कण असतात, आणि सुपरपॅरामॅग्नेटिक अवस्थेत एका कणाचा प्रतिसाद V च्या वर्गाच्या प्रमाणात असतो. मोठे कण शिखराला वरच्या तापमानाकडे ओढतात. टीईएम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरचा सरासरी व्यास आणि हे शिखर एकत्र वापरलं की K फुगून येतो. त्यापेक्षा एफसीमधून, म्हणजे क्षेत्रातच थंड करून मोजलेल्या वक्रातून, झेडएफसी वजा करा आणि त्या फरकाचा तापमानानुसार उतार काढा. त्यातून ब्लॉकिंग तापमानांचं वितरण मिळतं. दोन्ही वक्र एकमेकांपासून फुटतात ती जागा सरासरी कणांची नसून सगळ्यात मोठ्या कणांची असते. क्षेत्र ५० ओर्स्टेडच्या वर नेऊ नका, कारण क्षेत्रानेच अडसर खाली येतो आणि शिखर सरकतं.

नमुना कोरडी पावडर असेल तर आणखी एक शंका घ्यायला हवी. कण एकमेकांना चिकटून असले की त्यांची द्विध्रुवी क्षेत्रं अडसरात भर घालतात. याची खूण अशी, की शिखराच्या खाली एफसी वक्र चढत राहायचा तो जवळजवळ सपाट होतो. शहानिशा करायची तर एसी ससेप्टिबिलिटी १० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झपर्यंत घ्या आणि शिखराच्या तापमानाच्या व्यस्ताविरुद्ध ln τ मांडा, τ म्हणजे 1/(2πf). वरच्याच आकड्यांनी १० हर्ट्झला ४० आणि १ किलोहर्ट्झला ५३ केल्विन यायला हवेत. सरळ रेषेतून निघालेला τ0 १०⁻⁹ ते १०⁻¹² सेकंदांत बसला तर कण सुटे आहेत असं धरायला हरकत नाही. तो १०⁻¹⁵ किंवा त्याहून लहान आला तर तो आकडा भौतिकदृष्ट्या निरर्थक आहे आणि कण एकमेकांशी बोलतायत. मग पॅराफिनमध्ये कण पुरेसे विरळ पसरवून पुन्हा मोजा. शिखर खाली सरकलं तर २८ केल्विनमधला काही भाग शेजारच्या कणांचा होता, आणि त्यातून काढलेला K बाद करावा लागेल.